ताझियतीचा मायना

माझी अरबी रत्नागिरी तालुक्यात फार प्रसिद्ध होती. आखातात एकही अरब तिला ओळखत नसे, तो भाग वेगळा. सुट्टीवर आलो की पावसच्या बाजारात मी मासळीचा भावसुद्धा अरबीत करी. कोळीण म्हणे, "भावोजी, शिव्या देताय की भाव विचारताय?" आणि सगळा बाजार हसे. माझ्याजवळ होते सगळे मिळून पाचपन्नास शब्द, तेही गोदामातले: पेटी, खिळे, लवकर, उद्या, साहेब कुठे आहे. पण ते मी असे फेकत असे की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस शेखांच्या दरबारात बसून आला आहे. शेख माझ्याकडून सल्ला घेतो असंही मी एकदा सांगितलं होतं. शेखाला मी पाहिला होता तो फक्त ऑफिसातल्या भिंतीवर.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. वाळवंटात एका बांधकाम कंपनीचं गोदाम होतं आणि त्याचे आम्ही दोघे धनी. मी स्टोअरकीपर आणि एक मिसरी हिशेबनीस. किल्ल्या दोघांपाशीच, म्हणून कंपनीचा नियम असा की दोघांतला एक कायम जागेवर पाहिजे. एक सुट्टीवर गेला की दुसऱ्याने हलायचं नाही, मग आभाळ कोसळो. त्या वर्षी वसंतातली पाळी त्याची होती. नाईलच्या काठी कुठल्याशा खेड्यात त्याचे म्हातारे वडील होते, त्यांना भेटायला तो जाणार होता.

आता माझी जीभ. आंब्याचा मोसम जवळ आला की मला स्वस्थ बसवत नाही. आमच्या बागेतला एकेक हापूस नारळाएवढा असतो, आढी उघडली की वासाने बोटी वाट चुकून भाट्याच्या किनाऱ्याला लागतात, आमचा एक आजा वास घेऊनच शंभर वर्षं जगला, असलं मी त्याला मोडक्यातोडक्या अरबीत, हातवारे करून रोज सांगत असे. तो पोट धरून हसायचा. एके दिवशी हसता हसता डोळे पुसत म्हणाला, "तू जा. आंबा थांबत नाही. बाप थांबतो."

मी मागितलं नव्हतं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. त्यानेच साहेबाकडे जाऊन पाळी बदलून घेतली. मी नको नको म्हणालो, पण ते कोकणातलं नको, म्हणजे पानावर आणखी एक वाढण्याआधीचं. दुसऱ्याच आठवड्यात मी मुंबईला उतरून रातराणीने रत्नागिरी गाठली.

आणि मग मोसम असा लागला की सांगता सोय नाही. मी झेला घेऊन झाडाखाली, आई ओटीवर, अंगणभर आंबा. आईला मी गंमत म्हणून अरबीतून हाका मारी. ती म्हणे, "मेल्या, मराठीत बोल, नायतर जेवायला तिकडेच जा तुझ्या शेखाकडे."

अशात तिकडे कॅम्पावर माझ्या खोलीत राहणाऱ्या सोबत्याचं पत्र आलं. हा सोबती केरळचा, तोडकंमोडकं हिंदी लिहायचा. त्याने लिहिलं होतं की तुमच्या मिसरी हिशेबनिसाचे वडील वारले. गावाहून तार आली तेव्हा दफन होऊनसुद्धा गेलं होतं. तरी त्याने जायची परवानगी मागितली, पण गोदामात दुसरं कुणी नाही म्हणून साहेबाने नाही म्हटलं. तो रोज कामावर येतो, कुणाशी बोलत नाही, हिशेब मात्र चोख ठेवतो. एवढंच.

मी पत्र वाचलं तेव्हा माझ्या हाताला कोपरापर्यंत रस होता. कापलेला आंबा मी तसाच पाटावर ठेवला. आईने विचारलं, "काय झालं रे? तोंड का असं?" मी सांगितलं. तिने आधी पत्राचा कोपरा फाडला, आमच्याकडे मरणाच्या पत्राचा फाडतात तसा, आणि ते घरात न आणता पडवीतच दगडाखाली ठेवायला लावलं. मग म्हणाली, "बरं, आता त्याला चार शब्द लिही. तुला अरबी येते ना? गावभर सांगत फिरतोस."

आता आली पंचाईत. खिळे, पेटी, लवकर, उद्या यांतून सांत्वन कसं करायचं? अरबी अक्षर तर मला एकही येत नव्हतं. गोदामात खोक्यांवर जे लिहिलेलं असे, ते मी चित्र म्हणून ओळखत असे. पण आईसमोर मान खाली घालायची सोय नव्हती. मी ऐटीत म्हणालो, "बोलायची अरबी वेगळी, दुःखाची अरबी वेगळी." हे मी ठोकून दिलं होतं. पुढे कळलं की आयुष्यात चुकून एकदा मी खरं बोललो होतो.

खाडीकाठच्या मोहल्ल्यात एक मौलवी मास्तर राहत. शाळेत अरबी शिकवून निवृत्त झालेले. विद्वत्तेइतकाच त्यांचा रागही ख्यातीचा होता. आपल्या अक्षरासारखं अक्षर अख्ख्या कोकणपट्टीत नाही हे ते स्वतःच सांगत, दुसऱ्याला सांगायची संधीच देत नसत. मी रात्रभर खपून मराठीत मसुदा केला होता, फुलस्कॅप चार पानं दोन्ही बाजूंनी, आणि सकाळी आंब्याची पेटी खांद्यावर घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो.

"पेटी ठेव तिकडे. कच्चा आहे की पिकलेला?"

"आढीतला आहे, मास्तर."

"मग बस. काय लिहिलंयस ते वाच. मोठ्याने वाच, माझा एक कान गेलेला आहे."

मी वाचू लागलो. आता काय सांगू, मसुदा असा होता की दगडाला पाझर फुटावा. मी लिहिलं होतं, की बातमी ऐकून मी तीन दिवस अन्न घेतलं नाही (दोन जेवणं चुकली होती), की आमच्या बागेतली झाडं माना टाकून उभी आहेत, की माझ्या आईने केस मोकळे सोडून आक्रोश केला (तिने पत्राचा कोपरा फाडला होता). आणि मग खरं ते आलं. जर मी आंब्याच्या बढाया मारल्या नसत्या तर तू पाळी सोडली नसतीस. जर तू पाळी सोडली नसतीस तर आज तू घरी असतास. जर मी दुसऱ्यांदा नाही म्हटलं असतं. जर तू वडिलांच्या उशाशी असतास. जर, जर, जर. चौथ्या पानावर मी माझी कीव इतकी केली होती की वाचताना माझाच आवाज फुटला.

मास्तरांनी डोळे मिटलेले होते. मला वाटलं, गहिवरले. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "ही ताझियत आहे की माफीचा अर्ज?"

"दोन्ही, मास्तर."

"दोन्ही नाही होत. ज्याचा बाप गेला त्याने तुझं हे वाचायचं, आणि मग तुला लिहायचं की नाही रे बाबा, तुझा काही दोष नाही, रडू नकोस. म्हणजे मयत त्याच्या घरी आणि सांत्वन तुझं! लाज नाही वाटत?"

वाटत होती. तीच तर मी चार पानं भरून लिहिली होती.

"आणि हे जे तुझं जर-जर चाललंय," मास्तर पुढे म्हणाले, "ते तर आधी काढ. आमच्यात शिकवण आहे. मी असं केलं असतं तर असं झालं असतं, हे म्हणायचं नाही. 'जर' म्हटलं की सैतानाला दार उघडून दिल्यासारखं. म्हण, अल्लाने ठरवलं ते झालं. ज्याची वेळ ठरली होती ती ठरली होती. तुझा आंबा पिकला नसता तरी ते गेलेच असते."

"पण मास्तर, हा जवळ असता—"

"परत!" त्यांनी असा हात आपटला की कोंबडी माजघरातून बाहेर पळाली.

मग ते बोरू छिलायला बसले. छिलता छिलता मला तंबी देऊ लागले. ताझियत, म्हणजे दुखवट्याचं सांत्वन, तीन दिवसांच्या आत करावं. नंतर केलं की बसलेलं दुःख परत उकरलं जातं. मी घाबरून म्हणालो, मग आता उशीर झाला. "परगावी होतास, खबर तुला आत्ता लागली. परगावच्याला मुभा आहे. पण तेवढ्यासाठीच थोडक्यात लिहायचं. झाडांनी माना टाकल्या वगैरे नको. कसे आहात, तब्येत कशी आहे, हेसुद्धा नको. कसा असणार तो?"

त्यांनी कागद समोर घेतला आणि सगळ्यात वर अल्लाचं नाव लिहिलं. मी म्हणालो, "मास्तर, अशुभ पत्र आहे. आमच्यात तर 'श्री' गाळतात."

"आमच्यात उलट. मरणाच्याच चिठ्ठीवर त्याचं नाव आधी हवं. तिथे नाही तर कुठे?" आणि उजवीकडून डावीकडे त्यांचा बोरू सुरू झाला. एकेक ओळ लिहायची, मला म्हणून दाखवायची, मराठीत अर्थ सांगायचा, आणि मी तोंडाने म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही.

आधी मायना: अखी अल-अज़ीज़, माझ्या प्रिय भावा. मग बातमी पोचल्याची कबुली: आपल्या वडिलांच्या निधनाची वार्ता मला अतीव दुःखाने मिळाली. त्यात 'वडील' साधा शब्द नाही, 'वालिदुकुम', आपले वालिद, आदरार्थी. तो माझ्याहून वयाने लहान होता तरी. "दुःखात माणूस मोठा होतो, त्याला अहोजाहो करायचं," मास्तर म्हणाले. मग मुख्य दुवा: अज़्ज़मल्लाहु अज्रकुम, व अहसन अज़ाअकुम, व ग़फ़र लि-मय्यितिकुम. अल्ला आपलं पुण्यफळ वाढवो, आपलं सांत्वन उत्तम करो आणि आपल्या गेलेल्याला क्षमा करो.

"पहिलं जिवंतांसाठी, दुसरंही जिवंतांसाठी, तिसरं गेलेल्यासाठी," मास्तर म्हणाले. "पुण्यफळ कशाचं? सबुरीचं. सोसतोय ना तो? त्याचं फळ मोठं असो. तू कुठे आहेस यात? कुठेच नाहीस. बरोबर आहे, नसायलाच हवं."

मी कॅम्पातल्या मिसऱ्यांच्या तोंडी ऐकलेलं एक वाक्य मला आठवलं. म्हटलं, आपलंही ज्ञान दाखवावं. "मास्तर, ते लोक म्हणतात, अल-बकिय्या फी हयातिक. उरलेलं तुझ्या आयुष्यात, म्हणजे गेलेल्याचे राहिलेले दिवस तुला लाभोत. तेच लिहू की." खरं सांगतो, हे वाक्य मला फार आवडलं होतं. म्हाताऱ्याचे जे दिवस मुलाला बघायला मिळाले नाहीत, ते निदान त्याच्या नावावर जमा व्हावेत, असा माझा गुन्हेगारी हिशेब.

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "लोक म्हणतात. प्रेमाने म्हणतात. पण विचार कर. कुणी मेला म्हणजे त्याचे दिवस पूर्ण झाले. शिल्लक काही राहत नाही. राहिलं असतं तर तो गेला नसता. म्हणून अल-बक़ाअ लिल्लाह म्हणावं. राहणारा एकटा अल्ला." आणि खाली त्यांनी एक लांब ओळ लिहिली: लिल्लाहि मा अख़ज़, व लहु मा अअ्ता, व कुल्लु शैइन इंदहु बि-अजलिन मुसम्मा. त्याने नेलं ते त्याचंच, दिलं तेही त्याचंच, आणि प्रत्येक गोष्टीची त्याच्यापाशी मुदत ठरलेली आहे. लेकीचं मूल शेवटच्या घटका मोजत होतं तेव्हा पैगंबरांनी तिला हाच निरोप पाठवला होता, मास्तर म्हणाले. "यापेक्षा जुनी चिठ्ठी तुला कुठे मिळणार?"

मी विचारलं, मग ते नेहमीचं, इन्ना लिल्लाहि, आम्ही अल्लाचे आणि त्याच्याकडेच परतणारे, ते नाही लिहायचं? मास्तरांचा बोरू दौतीत तसाच राहिला. "ते तो स्वतः म्हणेल. म्हणालाही असेल, बातमी ऐकली त्याच क्षणी. तुझी सही खाली यायची आहे. तुला जे मनापासून मागता येईल तेवढंच लिही. गेलेल्यावर दया होवो, त्याला प्रशस्त बागेत जागा मिळो, घरच्यांना सबुरी मिळो, हे तू मागू शकतोस ना?"

"शकतो, मास्तर."

"मग झालं."

पत्र अर्ध्या पानात संपलं. माझी चार पानं त्यांनी परत केली. मी म्हणालो, आपलं अक्षर इतकं सुंदर, असंच पाठवतो. त्यावर ते एवढे खूष झाले की मला वाटलं सुटलो, पण लगेच म्हणाले, "छे! पत्र तुझं, हात तुझा. हे घरी ने आणि गिरव."

आता माझ्यासारखा घोडा, मिशा पिकायला आलेल्या, आणि ओटीवर पालथा पडून अलिफ गिरवतोय. गिऱ्हाइकं आंबे न्यायला येत आणि उभी राहत. आईला कळून चुकलं होतं की शेखाच्या सल्लागाराला अक्षरओळख नाही, पण ती बाहेर काही बोलली नाही. कुणी विचारलं तर म्हणे, "सरकारी कागद आहे, वळणदार लागतो." माझ्या थापांचा वारसा कुठून आला हे मला त्या दिवशी समजलं. फक्त तिची थाप माझी अब्रू झाकायला होती, आणि माझी एकाला बापाच्या शेवटच्या भेटीला मुकवून गेली होती. ते अज़्ज़मल्लाहु गिरवताना दर वेळी मनात यायचं, की मी मरणाचं लिहितोय आणि माझी आई दोन हातांवर बसून कोयी वेचतेय.

गिरवून झालेला कागद मी मास्तरांना दाखवायला नेला. त्यांनी दोन ठिपके सरकवले, एका अक्षराला "हे तुझं बदक आहे" म्हणाले, आणि पास केलं. मग नाक मुरडून पुढे म्हणाले, "हे मिसरी लोक चाळिसाव्यालाही बसतात. अरबईन म्हणतात. कुराण वाचतात, सगे गोळा होतात. त्याला आधार काही नाही, पण त्यांच्याकडे रीतच पडली आहे."

"चाळिसावा? तो कधीचा?"

"मरणापासून मोज."

सोबत्याच्या पत्रात तारीख होती, तिच्यापासून मी मोजला. चाळिसावा अजून व्हायचा होता. माझी सुट्टी संपायच्या आधी होता.

मास्तर काहीतरी बोलत होते, बदकाची मान कशी हवी वगैरे. मी ऐकलंच नाही. मला इतकंच दिसत होतं की मी तिथे हजर झालो तर किल्ल्या माझ्या हाती येतील आणि तो मोकळा होईल. बाप दिसणार नाही, पण घर दिसेल, कबर दिसेल, चाळिसाव्याला तो आपल्या माणसांत बसेल. मी मास्तरांना विचारलं, "हे पत्रात लिहू का? मी येतोय, तू जा, असं?"

"लिहू नकोस. जा."

पत्र पोस्टात टाकलं आणि साहेबाला तार केली. मुंबईच्या एजंटाकडे तिकीट बदलायला माणूस पाठवला, नवी तारीख मिळाली ती आठवड्यानंतरची. झाडांवर अजून निम्मा माल होता. गावातले लोक म्हणाले, खुळा झाला, भर मोसमात आंबा सोडून वाळूत चाललाय. मी कुणालाही सांगितलं नाही का ते. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याजवळ सांगण्यासारखी गोष्ट होती आणि ती मी सांगत नव्हतो. आईने निघताना डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "त्याच्या आईला माझा नमस्कार सांग. अरबीत सांग."

कॅम्पात पोचलो तेव्हा तो गोदामाच्या दारात उभा होता. दाढी वाढलेली. वाटेत बोलायच्या वाक्यांची मी उजळणी केली होती, विमानात शेजारचा माणूस मला झपाटलेला समजत होता. पण तो समोर दिसला तशी ती सगळी जर-जरची पानं माझ्या तोंडात पुन्हा गोळा झाली. मला म्हणायचं होतं, मारा मला. मी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणालो, "अल-बक़ाअ लिल्लाह."

"व निअमा बिल्लाह," तो म्हणाला. रीतीचं उत्तर. अल्लावर सगळं सोपवलं, आणि तो उत्तम आहे. मग खिशावर हात ठेवला, माझं पत्र तिथे होतं, आणि म्हणाला, "शकरल्लाहु सअयकुम." अल्ला आपल्या येण्याचे, आपल्या धावपळीचे आभार मानो. हेही रीतीचंच, दुखवट्याला आलेल्या प्रत्येकाला म्हणतात. मला क्षमा केली का, हे त्याने सांगितलं नाही, आणि विचारणं म्हणजे ती चार पानं त्याच्या हातात ठेवणं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे कंपनीच्या पिकअपमधून तो विमानतळाकडे गेला. चाळिसाव्याच्या दिवशी मी गोदामात सकाळपासून गप्प होतो, त्याच्या टेबलावर त्याचा हिशेब लिहीत. दुपारपर्यंत कॅम्पात बातमी पसरली की स्टोअरकीपर बोलत नाही, आणि केरळचा सोबती कंपाउंडरला घेऊन आला. कंपाउंडरने नाडी पाहिली, जीभ बाहेर काढायला सांगितली. ती त्याने बराच वेळ न्याहाळली. म्हणाला, जिभेला तर काही झालेलं दिसत नाही.

मी मान हलवली आणि खिळ्यांच्या पेट्या मोजायला उठलो.